हात पुढं आला की काय करायचं?



मागच्या अंकात आपण बँकेत कर्ज प्रकरण देताना कोणते कागद लागतात ते बघितलं. या वेळी कागदांच्याही आधी घडणाऱ्या एका गोष्टीविषयी लिहिते. साहेब दारात येतात, आपण उठून उभ्या राहतो, आणि साहेबांचा हात पुढं येतो. आता तो हातात घ्यायचा, का लांबूनच नमस्कार करायचा? हे ठरवायला आपल्याकडं दोन सेकंद पण नसतात. पण त्या दोन सेकंदांवर पुढची अर्धा तासाची बैठक कशी होणार, हे बऱ्याचदा ठरून जातं. असं झालेलं मी स्वतः बघितलंय, आणि त्यात माझी पण चूक होती. म्हणून आधी तेच सांगते.

त्या दिवशी काय झालं

एका गावात ग्रामसंघाच्या कार्यालयात बँकेचे शाखाधिकारी भेटीला येणार होते. एका गटाचं तीन लाखांचं कर्ज प्रकरण होतं. रजिस्टरं लिहून तयार होती, ठरावाची प्रत काढलेली होती. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघी ताई ओळीनं उभ्या होत्या. सरपंच आणि ग्रामसेवकही आले होते.

साहेब आले. सरपंचांशी हात मिळवला, ग्रामसेवकांशी मिळवला. मग तसाच हात घेऊन ते ताईंकडं वळले. अध्यक्ष ताईंनी जरा लाजत हात दिला. त्यांच्या शेजारी खजिनदार ताई होत्या. त्या मुस्लिम आहेत आणि परक्या पुरुषाशी हात मिळवत नाहीत. हात समोर आल्यावर त्या एक पाऊल मागं सरल्या आणि दोन्ही हात ओढणीखाली घेतले. तोंडातून शब्द निघाला नाही. साहेबांचा हात हवेतच राहिला. सगळी खोली गप्प झाली. साहेबांनी हात मागं घेऊन केसांवरून फिरवला, "सॉरी" म्हणाले. तिसऱ्या सचिव ताई. त्यांना खरं तर हात मिळवायचा होता, त्यांनी हात थोडा उचललाही होता. पण साहेब आता सावध झाले होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि खुर्चीवर बसले.

पुढचा अर्धा तास साहेब सरपंचांकडंच तोंड करून बोलत होते. कर्ज गटाचं, बचत गटाची, परतफेड गटाची, आणि बोलणं मात्र दोन पुरुषांचं. व्याजाबद्दल आणि हप्त्याबद्दल आपण जे प्रश्न लिहून ठेवले होते, त्यातला एकही विचारला गेला नाही. साहेब काही वाईट माणूस नव्हते. अवघडलेला माणूस जिथं अवघड वाटत नाही तिकडं वळतो, एवढंच झालं.

संध्याकाळी खजिनदार ताईंचा मला फोन आला. "मॅडम, माझ्यामुळं साहेबांचा अपमान झाला. मी खजिनदार पद सोडते. बँकेत जायला हात मिळवणारी बाई पाहिजे."

ताईंनो, त्या ताईंचं कॅश बुक एका रुपयाला चुकत नाही. आणि त्या पद सोडायला निघाल्या होत्या, का तर हात मिळवला नाही म्हणून! खरं बघितलं तर त्यांनी हात मिळवला नाही यात काहीच चुकलं नव्हतं. अडचण झाली ती हाताच्या जागी दुसरं काहीच पुढं न आल्यानं. नमस्कार नाही, शब्द नाही, हसू नाही. आणि आधी बोलून ठेवायचं काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं.

हात नको असण्याची कारणं

पहिल्यांदा एक लक्षात ठेवू. हात न मिळवणं म्हणजे समोरच्याला नाकारणं नव्हे. कारणं कितीतरी असतात. बऱ्याच मुस्लिम बायका आणि पुरुष घराबाहेरच्या परक्या स्त्री-पुरुषाला स्पर्श करत नाहीत. बरेच जण करतातही. जैन साध्वी पुरुषाला आणि जैन मुनी बाईला स्पर्श करत नाहीत, हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना माहीत असेल. त्यांच्या पाया पडतानाही लांबूनच पडतात. कुणाला सवय नसते. कुणी नुकतंच पीठ मळत किंवा शेण काढत असतं. आणि एखादीला पूर्वी कुणीतरी हात नको तसा धरून ठेवलेला असतो. ते ती कुणाला सांगणार नाही, पण तिचा हात मागं जातो.

यातलं कोणतं कारण आहे हे समोरच्यानं विचारायचं नसतं आणि आपणही सांगायला बांधील नसतो.

दुसऱ्या बाजूनं, शेकहँड करणं म्हणजे बाई वाया गेली असंही नाही. आपल्यातल्या काही ताईंना हात मिळवायला आवडतं. बरोबरीनं बोलल्यासारखं वाटतं म्हणतात. त्यांचंही खरं आहे. सरपंचांशी हात मिळवायचा आणि बायकांना नुसती मान हलवायची, हे त्यांना खटकतं ते बरोबरच आहे.

म्हणजे एकीला हात नको आणि दुसरीला हवा. दोघी एकाच ओळीत उभ्या. मग करायचं काय?

नमस्कार आधी, हात नंतर

उपाय सोपा आहे. समोरच्याचा हात उठायच्या आधी आपला नमस्कार झाला पाहिजे.

माणूस शेकहँडला हात कधी पुढं करतो बघा. जवळ आल्यावर, साधारण हाताच्या अंतरावर. आपण त्याच्या आधी, तो दोन-तीन पावलं लांब असतानाच, छातीजवळ हात जोडायचे आणि मोठ्यानं "नमस्कार साहेब, या" म्हणायचं. मोठ्यानं हे महत्त्वाचं. पुटपुटलेला नमस्कार कुणाला ऐकू येत नाही, मग हात पुढं येतोच. नमस्कार करताना समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं. आपल्याला मान खाली घालून नमस्कार करायची सवय लागलेली असते. देवापुढं ते ठीक आहे, पण बँकेच्या साहेबापुढं मान खाली गेली की आपण घाबरलोय असं दिसतं.

नमस्कार झाला की लगेच आपलं नाव आणि काम सांगायचं. "मी गटाची सचिव," एवढं पुरे. मग समोरच्याच्या मनात 'हिनं हात का नाही दिला' हा विचार यायला जागाच राहत नाही. तो आपलं नाव ऐकत असतो.

शब्द कोणताही चालतो. नमस्कार, राम राम, जय भीम, जय जिजाऊ, सलाम, जोहार, राम कृष्ण हरी. आपल्या प्रभागात हे सगळे शब्द आहेत आणि प्रत्येकीनं आपला शब्द वापरावा. समोरच्यानं त्याच्या शब्दानं उत्तर दिलं तरी भेट झालीच.

हात आधीच पुढं आला तर

कधीकधी आपला नमस्कार राहून जातो आणि हात समोर येतो. तेव्हा दोन वाटा असतात. दोन्ही सारख्याच चांगल्या.

*हात मिळवायचा असेल तर* उजवा हात, अंगठा वर, तळवा तळव्याला लागेपर्यंत पुढं न्यायचा. नुसती बोटांची टोकं दिली की समोरच्याला पण कळत नाही काय धरावं. हलकंसं धरायचं, दोन वेळा हलवायचं, सोडायचं. म्हशीची धार काढताना जेवढा जोर लावतो, त्याच्या निम्मासुद्धा लागत नाही.

*हात मिळवायचा नसेल तर* मागं सरायचं नाही आणि हात लपवायचे नाहीत. आपण मागं गेलो की समोरच्याला वाटतं, मी काय गुन्हा केला? आहे त्या जागी उभं राहून हात जोडायचे, किंवा उजवा हात आपल्या छातीवर ठेवायचा, मान थोडी झुकवायची आणि हसून बोलायचं:

"नमस्कार साहेब, मी हात जोडूनच नमस्कार करते. या, बसा, रजिस्टर तयार आहे."

या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात आपली पद्धत सांगितली. त्यात 'माफ करा' नाही आणि 'आमच्यात चालत नाही' पण नाही. माफी मागितली की चूक केल्यासारखं होतं. 'आमच्यात चालत नाही' म्हटलं की समोरच्यानं काहीतरी न चालणारं केलं असा अर्थ निघतो. दुसऱ्या भागात आपण त्याला पुढचं काम दिलं, बसायचं आणि रजिस्टर बघायचं. त्याचा हवेतला हात खुर्चीकडं किंवा रजिस्टरकडं जातो. त्या दिवशी आपल्या खोलीत जी शांतता झाली, ती हा दुसरा भाग नव्हता म्हणून झाली. हात न मिळाल्यापेक्षा त्या शांततेनं माणूस जास्त अवघडतो.

शेजारी उभ्या असलेल्या ताईंचंही काम आहे. शेजारणीला सुचलं नाही तर गप्प उभं राहायचं नाही. "साहेब, या आमच्या खजिनदार, हिशोब यांच्याकडंच आहे," असं बोलून तिला सावरून घ्यायचं. तिच्या हातांबद्दल काही बोलायचं नाही, तिच्या कामाबद्दल बोलायचं.

आपण पाहुण्याला कसं विचारायचं

आतापर्यंत आपल्या बाजूनं बघितलं. पण कितीतरी वेळा आपणच यजमान असतो. प्रशिक्षक येतात, दुसऱ्या जिल्ह्यातले गट अभ्यास दौऱ्यावर येतात, कधी परदेशातले पाहुणे येतात. समोरच्या पुरुषाला हात नको असेल, किंवा समोरच्या बाईला आपल्या गावच्या सरपंचांशी हात मिळवायचा नसेल, तर तिलाही सोपं गेलं पाहिजे.

यात तीन गोष्टी पाळायच्या.

एक, स्त्री-पुरुष भेटत असतील तर हात आधी पुढं करायचा नाही, नमस्कार आधी करायचा. नमस्काराला नमस्कारानं उत्तर देता येतं, हातानं देता येतं, छातीवर हात ठेवूनही देता येतं. पुढं आलेल्या हाताला मात्र एकच सोपं उत्तर असतं. म्हणून नमस्कार केला की निवड समोरच्याकडं जाते. त्यानं हात पुढं केला आणि आपल्याला चालत असेल, तर द्यायचा.

दोन, विचारायचं असेल तर प्रश्न असा ठेवायचा की दोन्ही उत्तरं सारखीच सोपी वाटली पाहिजेत. "तुम्ही हात मिळवता ना?" हा प्रश्न नाही, त्यात 'हो' आधीच घातलेलं आहे. "तुमच्यात हात मिळवत नसतील ना?" यात 'नाही' घातलेलं आहे, आणि वर 'तुमच्यात' म्हणून माणसाला बाजूला काढलंय. त्यापेक्षा सरळ विचारायचं, "नमस्कार करायचा का शेकहँड?" हसत, पण हात पुढं न करता. हात पुढं करून विचारलं तर ते विचारणं नव्हे. उत्तर आलं की "बरं बरं" म्हणून तसंच करायचं. "का हो?" विचारायचं नाही.

तीन, कपड्यांवरून ओळखायला जायचं नाही. मी एका प्रशिक्षणात बघितलं, डोक्याला हिजाब बांधलेल्या प्राध्यापक मॅडमनी स्वतःहून सगळ्यांशी हात मिळवले. आणि जीन्स घातलेल्या एका मुलीनं शांतपणे सगळ्यांना हात जोडले. आपण ओळीत उभ्या असलेल्या सगळ्यांना शेकहँड करत गेलो आणि बुरखा दिसला म्हणून तिथंच थांबून विचारलं, तर आदर करायला जाऊन आपण तिलाच वेगळं पाडलं. विचारायचं तर सगळ्यांना विचारायचं, नाहीतर सगळ्यांना नमस्कार करायचा.

एक लहान गोष्ट राहिली. पाहुणा अंध असेल तर जोडलेले हात त्याला दिसत नाहीत. त्याला आपला नमस्कार कानानं कळला पाहिजे. नाव सांगून "नमस्कार" म्हणायचं, आणि हात द्यायचा असेल तर आधी "हात देऊ का?" विचारायचं. न सांगता त्याचा हात धरायचा नाही.

सगळ्यांना सारखं

आता जे लिहिते ते नीट वाचा. माझ्या मते या सगळ्यातलं ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

नमस्कार सोयीचा आहे, पण आपल्या गावात नमस्काराआड दुसरं काही लपू शकतं. हात न लावणं हे आपल्याकडं शेकडो वर्षं जातीवरून चालत आलंय. आपल्या राज्यघटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता बंद केली, तरी कुणी आपल्याला लांबून हात जोडले की काही माणसांच्या मनात तो जुना घाव ठणकतो. त्यांचं चुकत नाही. त्यांनी ते भोगलेलं असतं.

म्हणून आपणच आपल्याला तपासायचं. त्याच खोलीत, त्याच दिवशी, मी कुणाशी हात मिळवला आणि कुणाला नुसते हात जोडले? तहसीलदारांशी शेकहँड आणि सफाईचं काम करणाऱ्या भाऊंना लांबून नमस्कार, असं झालं असेल तर ती आपली सोय नव्हती, तो भेदभाव होता. 'मी कुठल्याच परक्या पुरुषाशी हात मिळवत नाही' ही निवड आहे. 'मी याच्याशी मिळवते, त्याच्याशी नाही' याच्या मागं काय आहे ते स्वतःला विचारलं पाहिजे.

हा प्रश्न फक्त आपल्याच गावचा नाही. स्वीडन नावाच्या देशात 2018 साली एक निकाल लागला. एक मुस्लिम तरुणी दुभाष्याच्या नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. मुलाखत घेणाऱ्या पुरुषाशी हात न मिळवता तिनं छातीवर हात ठेवून नमस्कार केला, आणि मुलाखत तिथंच थांबवली गेली. कंपनीचं म्हणणं होतं की स्त्री-पुरुष असा फरक करून चालणार नाही. तिचं म्हणणं होतं की स्त्री-पुरुष दोघंही असतील तिथं मी सगळ्यांनाच छातीवर हात ठेवून नमस्कार करते, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही. तिथल्या कामगार न्यायालयानं निकाल तिच्या बाजूनं दिला आणि भरपाई म्हणून 40,000 क्रोनर द्यायला लावले. कंपनी म्हणत होती ते स्त्री-पुरुष समानतेचं तत्त्व न्यायालयानं चुकीचं ठरवलं नाही. पण ते पाळायला हातच मिळवला पाहिजे असं नाही, असं त्यातून निघालं.

आणि ज्यांना हात मिळवायची पिढ्यान्‌पिढ्या सवय, त्यांनीही हात जोडलेले आपण बघितलेत. मार्च 2020 मध्ये कोरोना पसरायला लागला तेव्हा फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी स्पेनच्या राजाराणीला हात जोडून नमस्कार केला. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प आणि आयर्लंडचे पंतप्रधान वराडकर यांनीही एकमेकांना तसाच केला. तेव्हा कुणाला तो अपमान वाटला नाही, कारण कारण माहीत होतं आणि सगळेच तसं करत होते. आपल्या बैठकीतही तसंच आहे. सगळ्यांनी मिळून केलेला नमस्कार कुणालाच टोचत नाही.

हात सोडला नाही तर

एक वेगळी गोष्ट सांगते, कारण ताई मला बाजूला घेऊन हेच विचारतात. आपण हात मिळवला आणि समोरचा सोडतच नाही, किंवा दुसऱ्या हातानं मनगट, दंड धरतो, तेव्हा काय?

समोरच्याची पकड अंगठ्याच्या बाजूला कमजोर असते. आपला हात त्याच्या अंगठ्याकडं वळवून मागं घेतला की सुटतो. आणि लगेच दोन्ही हात जोडून मोठ्यानं "नमस्कार, बसा" म्हणायचं. चुकून झालं असेल तर एवढ्यानं थांबतं.

पुन्हा तसंच झालं तर ते चुकून नाही. तिथं रीतभात संपली. 2013 चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे, त्यात नकोसा स्पर्शही येतो. ज्या बायका कुठल्या कंपनीत किंवा ऑफिसात नोकरीला नाहीत त्यांच्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. एकटीनं जायचं नाही, आधी ग्रामसंघात सांगायचं. तारीख, वेळ, तिथं कोण होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवायचं.

दुसऱ्या भेटीत काय झालं

आता पुन्हा त्या गटाकडं. शाखाधिकारी कर्जाच्या पुढच्या तपासणीला परत येणार होते. मी खजिनदार ताईंना म्हटलं, पद सोडायचं असेल तर सोडा, पण एकदा सराव करून मग सोडा.

मासिक बैठकीत वीस मिनिटं आम्ही तेच केलं. एक ताई साहेब झाली. चष्मा लावला, पिशवी काखेत मारली, सगळ्या हसून हसून दमल्या. 'साहेब' दारातून यायचा आणि मनाला येईल तसं वागायचा. कधी लांबूनच नमस्कार, कधी एकदम हात पुढं, कधी फक्त पुरुषांशी बोलणार. ओळीतल्या प्रत्येकीनं आपल्या पद्धतीनं उत्तर द्यायचं. पहिल्या फेरीत खजिनदार ताई परत मागं सरल्या. दुसऱ्या फेरीत थांबल्या, पण बोलल्या नाहीत. तिसऱ्या फेरीत वाक्य पूर्ण आलं. मग साहेब झालेली ताई म्हणाली, "मला या वेळेला काहीच अवघड वाटलं नाही. मला लगेच खुर्ची मिळाली ना!" खुर्ची मिळाली, हेच मला सांगायचं होतं.

साहेब आले त्या दिवशी अध्यक्ष ताई दारातच उभ्या होत्या. साहेब पायरीवर असतानाच तिघींनी एकदम हात जोडले, "नमस्कार साहेब, या." साहेबांच्या एका हातात फाईल होती, ती काखेत धरून त्यांनीही हात जोडले. सरपंचांनाही त्यांनी मग नमस्कारच केला, शेकहँड नाही. सचिव ताईंना मागच्या वेळची सल होती. त्या म्हणाल्या, "साहेब, मला शेकहँड करायचा होता मागच्या वेळी, राहून गेला. करायचा का?" साहेब हसले, "करूया की!" हात मिळवला. खजिनदार ताई म्हणाल्या, "मी हात जोडूनच, साहेब. कॅश बुक दाखवते." आणि वही उघडली.

त्या दिवशी साहेबांनी हिशोब खजिनदार ताईंनाच विचारला, कारण वही त्यांच्यासमोर होती आणि बोलत त्या होत्या. हप्ता किती पडेल आणि एखाद्या महिन्यात उशीर झाला तर काय, हे दोन्ही प्रश्न विचारले गेले. सरपंच चहा पीत बसले होते.

खजिनदार ताई अजून खजिनदार आहेत.

पुढच्या बैठकीत करायचं काम

कर्जफेड आणि बचत गोळा झाली की वीस मिनिटं काढा. एकीनं पाहुणा व्हायचं, बाकीच्यांनी ओळीत उभं राहायचं. तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत पाहुणा लांबून नमस्कार करेल, दुसऱ्या फेरीत एकदम हात पुढं करेल, तिसऱ्या फेरीत पाहुणी बाई असेल आणि तिला हात नको असेल. प्रत्येक फेरीनंतर पाहुणी झालेल्या ताईला एकच प्रश्न विचारायचा, "तुला कुठं अवघड वाटलं?" तिचं उत्तर ऐकून पुढची फेरी करायची. कुणी कोणती पद्धत निवडली यावर चर्चा करायची नाही, ती ज्याची त्याची आहे.

तिसऱ्या फेरीत काय झालं ते मला पुढच्या भेटीत सांगा. बहुतेक गटांत तिथंच गाडी अडते. दुसऱ्याचा हात नाकारायला आपण पटकन शिकतो. दुसऱ्यानं आपला नाकारला तर हसून "बरं बरं, या, बसा" म्हणायला थोडा जास्त सराव लागतो.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक